सहा अंशांतला बर्फ

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. महाबळेश्वरला कडाक्याची थंडी, वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले, पारा सहा अंशांवर. सोबत फोटो असतो: गाडीच्या टपावरून कोणीतरी बोटांनी पांढरा चुरा खरवडतंय, नाहीतर स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांना मिठासारखी किनार आली आहे. बातमी वाचून लोक पुढच्या पानावर जातात. मी मात्र बरीच वर्षं त्या एका आकड्यापाशी अडकून बसायचे. पाणी शून्याला गोठतं हे आपण तिसरी-चौथीत शिकतो. मग सहा अंशांत बर्फ कसा?

सोपं उत्तर असं, की वेधशाळेचा थर्मामीटर गावात, उंचावर असतो आणि वेण्णा तलाव खोलगटात. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून ओघळत खाली येते आणि खळग्यात साचते. त्यामुळे तलावाकाठची हवा गावापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असू शकते. हे खरंच आहे, पण यानं प्रश्न संपत नाही. सहातून तीन वजा केले तरी तीन उरतात आणि तीन अंशांतही पाणी गोठायला नको. शिवाय त्याच फोटोत दिसतं की गाडीचं टप पांढरं आहे, पण दरवाजे नुसते ओलसर आहेत. हवा तर टपालाही तीच आणि दरवाज्यालाही तीच. झाडाखाली उभी केलेली गाडी तर सगळीच कोरडी. म्हणजे जे काही चाललंय त्याचा संबंध हवेशी कमी आणि वरच्या उघड्या आकाशाशी जास्त आहे.

मी भुशीची. भुशी म्हटलं की लोकांना धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, भजी आणि रविवारची गर्दी आठवते. ते धरण मुळात रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. पावसाळा सोडून भुशीला येणारे थोडे, त्यामुळे आमचं हिवाळ्यातलं आकाश कोणाला फारसं ठाऊक नाही. जानेवारीत ढग नसतात, धुकं पहाटे उतरतं, आणि त्याआधी रात्रभर चांदणं इतकं स्वच्छ असतं की अंगणात वाळत राहिलेला टॉवेल सकाळी हाताला बर्फासारखा लागतो. ‘बर्फासारखा’ म्हणायचं एवढंच, बर्फ होत नाही. महाबळेश्वरात होतो आणि आमच्याकडे का होत नाही, हाही माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग होता.

प्रश्नाला धार आली ती माझ्या मामेभावामुळे. त्याची महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला स्ट्रॉबेरीची थोडी जमीन आहे. जमीन खोलगटात आहे आणि तीन बाजूंनी चढ. गेल्या हिवाळ्यात एका रात्री फोनवर किमान तापमान सात अंश दाखवत होतं, म्हणून त्यानं रोपं झाकली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी फुलांचे मधले पिवळे डोळे काळे पडायला लागले. स्ट्रॉबेरीचं असं असतं: पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला भाग गोठून मेला की त्या फुलातून फळ येत नाही, आलंच तर वाकडंतिकडं. म्हणजे नुकसान झालंय हे कळतं दुपारी, आणि पैशात कळतं महिन्याभरानं.

दादा फोनवर म्हणाला, “अगं, सातला कसं गोठलं? सात म्हणजे आपल्या फ्रिजमधलं खालचं कपाट. तिथं भाजी गोठते का?”

उपमा अगदी बरोबर होती आणि उत्तरही तिच्यातच होतं. फ्रिजच्या कपाटाला वर छत असतं. शेताला नसतं.

प्रत्येक वस्तू सतत उष्णता फेकत असते. चुलीतला निखारा फेकतो तसंच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. तुम्ही, मी, भिंत, परातीतलं पाणी, सगळेच. खोलीत बसल्यावर हे जाणवत नाही, कारण भिंती, छत, फरशी आपल्याकडे जवळजवळ तेवढीच उष्णता परत फेकतात. देणं-घेणं बरोबरीत सुटतं. उघड्या रानात ठेवलेल्या पाण्याचं तसं नसतं. ते वर फेकतं आणि वरून परत येतं ते हवेकडून, म्हणजे मुख्यतः हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याकडून. पण हे वायू सगळ्या लांबीच्या लहरी अडवत नाहीत. साधारण आठ ते तेरा मायक्रॉन या पट्ट्यात कोरडी हवा जवळपास पारदर्शक असते. आणि गंमत अशी की शून्य ते तीस अंश तापमानाच्या वस्तू नेमक्या याच पट्ट्यात सर्वांत जास्त उष्णता फेकतात. जणू छपराला एक खिडकी आहे आणि ती थेट अवकाशात उघडते. ढग आले की खिडकी बंद होते, हवेत वाफ जास्त असली की अर्धी लोटली जाते.

आता थोडा हिशोब. शून्य अंशांचं पाणी दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट उष्णता वर फेकतं. महाबळेश्वरच्या कोरड्या, निरभ्र रात्री, हवा चार-पाच अंशांवर असताना, आकाशाकडून परत येतात सुमारे २४० वॅट. म्हणजे खिशातून साठ जास्त जातात. पाणी हवेपेक्षा थंड झालं की हवाही त्याला ऊब देऊ लागते. वारा नसेल तर ही ऊब पंधरा-वीस वॅटच्या आसपास राहते. जमिनीकडून येणारी ऊब अडवली, तर निव्वळ तोटा चाळीस वॅटच्या घरात उरतो. हा तोटा पाणी शून्यावर आलं तरी चालूच असतो. आकाशाला हवेचं तापमान काय आहे याची पर्वा नसते. म्हणून सहा अंशांत बर्फ होतो.

हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. यंत्रानं बर्फ बनवायच्या कितीतरी आधी गंगेच्या खोऱ्यात बर्फ पिकवत असत. पिकवत असत हाच शब्द योग्य, कारण त्याची शेतं होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला रॉबर्ट बार्कर यानं अलाहाबादेकडे पाहिलेली पद्धत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली. मोकळ्या माळावर तीसेक फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डे घेत. तळाला ऊस किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाडीची अंथरत. त्यावर मातीच्या उथळ, बिनचकाकीच्या परळी ओळीनं मांडत. परळ जेमतेम सव्वा इंच खोल. संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी त्यांत भरत आणि सूर्य उगवायच्या आधी बर्फ गोळा करून खोल खड्ड्यात साठवत. बनारसच्या अशाच शेतांचं वर्णन १७९३ साली लॉइड विल्यम्स यानं केलं. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही परळीत बर्फ धरतो, हे त्यानं थर्मामीटर लावून पाहिलं होतं.

त्या काळच्या साहेबांना वाटे की ही माठाचीच करामत आहे: परळीतून पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना थंड होतं. या समजाला छेद दिला तो पेंढ्यानं. बर्फ करणाऱ्या लोकांचा कटाक्ष असे की खालचा पेंढा खडखडीत कोरडा हवा. ओला झाला की बदलायचा, नाहीतर बर्फ धरत नाही. बाष्पीभवनानं काम होत असतं तर ओला पेंढा उलट चांगला ठरला असता. लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यानं १८१४ सालच्या दवावरच्या निबंधात हा मुद्दा नेमका पकडला आणि सांगितलं की पाणी आकाशाकडे उष्णता फेकून थंड होतं. पेंढ्याचं काम फक्त जमिनीची ऊब अडवण्याचं. पेंढ्यातली कोंडलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. ती जागा पाण्यानं घेतली की वाट मोकळी होते.

बाष्पीभवन अगदीच बिनकामाचं असं नाही. हवा कोरडी असेल तर संध्याकाळचे पहिले तास ते पाणी थंड करायला हातभार लावतं. पण पाणी दवबिंदूच्या तापमानाला आलं की तो रस्ता बंद होतो. त्यानंतर पाण्यातून वाफ जाण्याऐवजी हवेतली वाफच पाण्यावर येऊन बसते. महाबळेश्वरच्या त्या रात्री आजूबाजूचं गवत दवानं भिजलेलं असतं. गवतावर दव बसतंय आणि शेजारच्या परातीतून पाणी वाळतंय, असं एकाच थंडीत होऊ शकत नाही.

दादाला हे सगळं फोनवर सांगून पटणार नव्हतं आणि मलाही हातानं केल्याशिवाय चैन नव्हती. म्हणून जानेवारीत चार दिवस त्याच्याकडे जाऊन राहिले. वहिनीकडून स्टीलच्या तीन पराती आणि एक खोलगट पातेलं मागून घेतलं. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, परत द्याल ना? हळदीकुंकू आहे पुढच्या आठवड्यात.”

दोन रात्री वारा होता, काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारपासून पान हलत नव्हतं आणि आकाश धुतल्यासारखं होतं. संध्याकाळी आठला मांडणी केली. पहिली परात उघड्या जागी, भाताच्या कोरड्या पेंढ्याच्या वीतभर थरावर. दुसरी तिच्या शेजारीच, पण नुसत्या जमिनीवर. तिसरी पेंढ्यावरच, पण आंब्याच्या झाडाखाली. या तिन्हींत बोटाच्या पेराहून कमी, म्हणजे सेंटिमीटरभर पाणी. पातेलं पहिल्या परातीच्या बाजूला पेंढ्यावर, त्यात तीन इंच पाणी. एक थर्मामीटर छातीच्या उंचीला आडोशात टांगला, दुसरा पेंढ्यावर उघडा ठेवला.

रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गेलो तेव्हा पहिल्या परातीत काठापासून आत सरकत आलेल्या सुया दिसल्या. लांब, सपाट, एकमेकींना छेदणाऱ्या. दादानं बोट लावलं, सुया वाकल्या आणि तुटल्या. टांगलेला थर्मामीटर चार दाखवत होता. पेंढ्यावरचा उणे एक. फोन अजूनही सहावर ठाम होता. सकाळी सहाला पहिल्या परातीत अखंड काचेसारखा पापुद्रा होता, दोन रुपयांच्या नाण्याहून जाड आणि बिस्किटाहून पातळ. खाली पाणी तसंच होतं. बाकीच्या तिन्ही भांड्यांत थंडगार पाणी, बर्फाचा कणही नाही.

पापुद्रा एवढाच का, याचंही उत्तर त्या चाळीस वॅटमध्ये आहे. आमची परात सव्वा फुटाची, म्हणजे चौरस मीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी. तिच्या वाट्याला आले पाच वॅट. मोबाइलचा जुना साधा चार्जर जेवढी वीज देतो तेवढे. तिच्यात सव्वा लिटर पाणी होतं. दहा अंशांचं पाणी शून्यावर आणायला या वेगानं तीन तास लागतात. पण शून्याचं पाणी शून्याचाच बर्फ व्हायला त्याच्या आठपट उष्णता काढावी लागते, म्हणजे आणखी तेवीस तास. एवढी लांब रात्र आपल्याकडे नसते. अकरापासून सहापर्यंतच्या सात तासांत तीन मिलिमीटरच्या आसपास बर्फ होतो आणि झालाही तेवढाच.

पातेल्याची गोष्ट आणखी निराळी. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे वरचं पाणी थंड झालं की खाली बुडतं आणि खालचं कोमट वर येतं. सगळं पातेलं चारवर येईपर्यंत वरच्या थराला शून्याकडे जाताच येत नाही. तीन इंचांना त्यासाठीच चौदा तास हवेत. बार्करनं पाहिलेली परळ सव्वा इंचाची होती ती उगाच नाही.

जमिनीवरच्या परातीचं काय झालं ते उघड आहे. दिवसभर तापलेली माती खालून तिला ऊब पुरवत राहिली. आंब्याखालच्या परातीला वर आकाश दिसतच नव्हतं, दिसत होती पानं. पानं हवेच्याच तापमानाची, चार अंशांच्या आसपासची. ती जेवढं घेत होती तेवढंच देत होती. फ्रिजचं कपाट ते हेच.

गाडीच्या टपाचं कोडंही इथंच सुटतं. टप म्हणजे पातळ पत्रा, खाली गाडीतली कोंडलेली हवा, वर उघडं आकाश. पेंढ्यावरची परातच ती. दरवाजा उभा असतो; त्याला अर्धं आकाश दिसतं आणि अर्धी जमीन. शिवाय जे आकाश दिसतं ते क्षितिजाकडचं, जिथं नजर हवेच्या जाड थरातून जाते आणि खिडकी अरुंद होते.

परत आल्यावर हीच मांडणी भुशीला केली. पेंढा मावळात मुबलक. आकाश तितकंच स्वच्छ, वारा पडलेला, टांगलेला थर्मामीटर पहाटे बारावर. परातीतलं पाणी सहावर आलं आणि तिथंच थांबलं. हवेपेक्षा सहा अंशांनी थंड, म्हणजे आकाशानं आपलं काम चोख केलं होतं. पण बारातून सहा गेले की उरतात सहा. तफावत महाबळेश्वरएवढी किंवा थोडी जास्तच, फक्त सुरुवात उंचावरून. भुशी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर तेराशेच्या वर. आमच्याकडे खालून कोकणातली दमट हवाही चढत येते. हवेतली वाफ दोनदा नडते. एकदा ती खिडकी लोटते. दुसऱ्यांदा, पाणी दवबिंदूच्या खाली गेलं की ती दव होऊन पाण्यावर बसते, आणि दवाचा प्रत्येक ग्रॅम बसताना जवळपास अडीच हजार ज्यूल उष्णता पाण्याला देऊन जातो. म्हणून भुशीत दव भरपूर आणि बर्फ नाही. मुंबईला तर विचारच नको. तिथं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजानं बर्फ येत असे. दमट किनाऱ्यावरच्या लोकांना बनारसची शेती करता येण्याजोगी नव्हती.

दवाचा हा गुण शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, हे मला नंतर लक्षात आलं. रात्री नऊलाच टपावर हात ओला होत असेल तर हवेत वाफ आहे आणि तापमानाची घसरण मंदावणार आहे. अकरा वाजले, आकाश निरभ्र, वारा नाही आणि टप अजून कोरडं, ही रात्र जास्त घातकी. अशा रात्री पांढरी किनारही दिसत नाही, आणि दुपारी फुलं काळी पडतात.

या विषयात आपल्या पुण्याचं एक मोठं नाव आहे. ल. अ. रामदास हे पुण्याच्या हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचं काम १९३२पासून पाहत होते. त्याच वर्षी त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केलं. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीपासून थोडी वर, वीत-दोन वीत उंचीला असते. तोवर सगळे धरून चालत की जमीन उष्णता फेकते म्हणजे तीच सर्वांत थंड असणार. बऱ्याच जणांना हे मापनातली चूक वाटलं, पण पुढे ते इतरत्रही दिसलं आणि त्या थराला रामदास थर हे नाव मिळालं. बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात त्याचा सिद्धांत मांडला. कारणांचा तपशील अजून चर्चेत आहे, पण ढोबळ गोष्ट अशी: जमिनीला खालून दिवसाची ऊब मिळत राहते, तर तिच्या जरा वरची हवा स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकत असते आणि तिला खालून आधार कमी पडतो.

मला यात दादाच्या कामाची गोष्ट दिसली. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पांढऱ्या पेटीत असतो. पेटीला छप्पर असतं, कारण त्याला हवेचंच तापमान मोजायचं असतं आणि ते तो अचूक मोजतो. फोनवरचा आकडा अशाच पेट्यांच्या नोंदींवरून आणि गणितावरून काढलेला, साऱ्या परिसरासाठी एकच. स्ट्रॉबेरीचं फूल मात्र वीतभर उंचीवर, पेटीबाहेर, आकाशाकडे तोंड करून असतं. फोन खोटं बोलत नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

मग उपाय काय? इथं मला ही सगळी खटपट सार्थकी लागल्यासारखी वाटली, कारण उपायाची यादी बनारसच्या बर्फवाल्यांनीच लिहून ठेवली आहे. फक्त ती उलटी वाचायची. त्यांना कोरडा पेंढा हवा होता. आपल्याला ओली माती हवी. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती वर पोचवते. म्हणून थंडीच्या लाटेत द्राक्षबागाईतदार जमिनीला पाणी देतात ते बरोबर आहे. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत मधल्या सऱ्यांमध्ये पेंढा टाकायची पद्धत आहे, एरवी चांगली, पण या आठवड्यांत तो पेंढा मातीची ऊब खालीच कोंडतो. त्यांना वारा नको होता. आपल्याला हवा हललेली चालते, कारण वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते. शेकोटीचा उपयोग त्यासाठीच: ती हवा ढवळते आणि थोडी तापवते. नुसत्या धुराच्या पडद्यावर मात्र भिस्त नको, कारण धुराचे बारीक कण या लांबीच्या लहरी फारशा अडवत नाहीत.

आणि त्यांना उघडं आकाश हवं होतं, म्हणून आपण झाकायचं. झाकण ऊब देत नाही, ते फक्त रोपाच्या आणि आकाशाच्या मध्ये येतं. रोपाला आता आकाशाऐवजी कापड दिसतं. कापड स्वतः आकाशाकडे उष्णता फेकून थंड होतं, गोठतंही. म्हणून ते पानांना टेकता कामा नये. कमानी लावून वर ताणायचं. क्रॉप कव्हर मिळालं तर उत्तम, जुन्या साड्याही चालतात. साधा पातळ पॉलिथिन कागद मात्र फसवा असतो. वारा अडवतो म्हणून तो पुरेसा वाटतो, पण अवरक्त किरण त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. त्याच्यावर दव जमलं तर ते पाणी किरण अडवतं आणि कागद कामाला येतो. कोरड्या रात्री, म्हणजे नेमक्या घातकी रात्री, तो अर्धवटच उपयोगी पडतो. आणि झाकायचं सूर्य मावळण्याच्या सुमाराला, रात्री दहाला नव्हे. तोवर मातीतली दिवसभराची कमाई बरीचशी निघून गेलेली असते.

दादानं आता पेंढ्यावरचा थर्मामीटर कायमचा ठेवला आहे. फोनचा आकडा, पेंढ्यावरचा आकडा, ढग होते की नाही आणि वारा, एवढ्या चार गोष्टी रोज वहीत लिहितो. महिन्याभराच्या नोंदींनंतर त्याच्या शेतापुरता एक ठोकताळा निघाला. निरभ्र आणि शांत रात्री फोनच्या आकड्यातून सात वजा करायचे, ढगाळ रात्री एक किंवा दोन, वारा असेल तर तीन. हा ठोकताळा शेजारच्या चढावरच्या शेताला लागू नाही, तिथं त्या शेतकऱ्याला स्वतःचा काढावा लागेल. फूल साधारण उणे एक-दोनला मरतं, म्हणून फोनवर आठ दिसलं आणि संध्याकाळी पान हलत नसलं, की साड्या बाहेर निघतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अशा तीन रात्री लागोपाठ आल्या. चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. फुलं पिवळी आहेत, म्हणाल्या, बांधाच्या कडेच्या एका ओळीला साडी पुरली नाही तेवढी ओळ गेली. आणि एक परात अजून शेतातच आहे, ती दादा देत नाहीत.